तीस टक्के कुठे गेले

त्या प्रश्नाला मी स्वतः आधी नऊ जणांना पूर्ण मार्क दिले होते. हे पहिल्यांदा सांगून टाकते, कारण पुढे मी बरंच रागावून लिहिणार आहे आणि त्या रागातला पहिला वाटा माझा आहे.

मे महिना होता. आमच्या जिल्ह्यातल्या व्यवस्थापन शाखेच्या कॉलेजांच्या उत्तरपत्रिका कुडाळच्या एका कॉलेजात एकत्र तपासायला येतात. आमच्याकडे अजून कागदावरच तपासतात. वरच्या मजल्यावरचा लांबट हॉल, चार पंखे, त्यातले दोन फिरणारे, आणि समोर दोरीने बांधलेले गठ्ठे. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता कोड असतो. प्रत्येक तपासनिसाच्या हातात एक आदर्श उत्तरांचा संच देतात. विषय होता मार्केटिंग अ‍ॅनालिटिक्स. मी तो विषय सात वर्षं शिकवते.

चौथा प्रश्न गणिताचा, दहा मार्कांचा. एक कंपनी दर महिन्याला घरपोच खाऊचा डबा पाठवते. एका ग्राहकाकडून महिन्याला पाचशे रुपये येतात. त्यावर कंपनीचं मार्जिन तीस टक्के. नवे ग्राहक दोन वाटांनी येतात. ऑनलाइन जाहिरातीतून एक ग्राहक मिळवायला सोळाशे रुपये खर्च येतो, आणि या ग्राहकांपैकी दर महिन्याला दहा टक्के सोडून जातात. दुसरी वाट प्रदर्शनातल्या स्टॉलची. तिथे एका ग्राहकाला चोवीसशे रुपये लागतात, पण महिन्याला चारच टक्के जातात. प्रत्येक वाटेने आलेल्या ग्राहकाचं आयुष्यभराचं मूल्य काढा आणि कंपनीने कोणत्या वाटेवर पैसे घालावेत ते सांगा.

आदर्श उत्तरात लिहिलं होतं : महिन्याला दहातला एक जातो, म्हणजे ऑनलाइनचा ग्राहक सरासरी दहा महिने टिकतो, पाचशे गुणिले दहा, मूल्य पाच हजार. स्टॉलचा पंचवीस महिने टिकतो, मूल्य साडेबारा हजार. मूल्य आणि मिळवण्याचा खर्च यांचं प्रमाण दोन्हीकडे तीनपेक्षा जास्त, म्हणजे दोन्ही वाटा उत्तम. त्यातही ऑनलाइनचा खर्च सव्वातीन महिन्यांत वसूल होतो, स्टॉलला जवळजवळ पाच महिने लागतात. म्हणून ऑनलाइनवर खर्च वाढवावा.

मी हे वाचलं आणि पुढे गेले. सकाळपासून दुसऱ्या एका विषयाचे चाळीस पेपर झाले होते, घाम मनगटावरून कागदावर उतरत होता, आणि डोळे नुसते पाच हजार आणि साडेबारा हजार शोधत होते. दिसले की दहा. नऊ पेपर असे गेले.

दहाव्या पेपरात पाच हजार दिसले नाहीत. पंधराशे दिसले. मी शून्य घातलं आणि पान उलटायला गेले, तेवढ्यात खालची दोन वाक्यं नजरेला पडली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की ऑनलाइनचा ग्राहक सरासरी दहा महिने राहतो, आणि त्याच्यावर घातलेला पैसा परत यायला पावणेअकरा महिने लागतात. पैसा वसूल व्हायच्या आधीच ग्राहक निघून जातो, म्हणून ही जाहिरात बंद करावी.

मी पान तसंच धरून बसले. मग चहाच्या चिठ्ठीच्या मागे स्वतः करून बघितलं. पाचशेतले सत्तर टक्के तर माल, डबा, पाठवणं यातच जातात. कंपनीच्या हातात राहतात महिन्याला दीडशे. दहा महिन्यांचे पंधराशे. ग्राहक आणायला गेले सोळाशे. प्रत्येक ग्राहकामागे शंभर रुपयांचा खड्डा. स्टॉलचा ग्राहक पंचवीस महिने टिकतो, तो देतो पावणेचार हजार, त्यातून चोवीसशे वजा, साडेतेराशे उरतात. त्याचा खर्च सोळा महिन्यांत वसूल होतो आणि पुढचे नऊ महिने फायद्याचे.

म्हणजे ज्या वाटेने कंपनी बुडते तिच्यावर आणखी पैसे घाला, असं आमचं आदर्श उत्तर सांगत होतं. आणि जिने हे ओळखलं तिला, किंवा त्याला, मी शून्य दिलं होतं. सात वर्षं मी वर्गात ओरडून सांगत आले की मूल्य काढताना आलेली रक्कम धरू नका, त्यातून उरलेली धरा. आणि छापील कागद हातात आल्यावर मीच डोळे मिटून बसले. मी शून्य खोडून नऊ लिहिले, एक मार्क आकडा पूर्णांकात न आणल्याबद्दल कापला, आणि उठले.

मुख्य परीक्षक हॉलच्या टोकाला बसत. साठीला आलेले, गोड बोलणारे, प्रत्येकाला नावाने हाक मारून चहा विचारणारे गृहस्थ. पेपर त्यांनीच काढला होता, आदर्श उत्तरही त्यांचंच. मला वाटलं, चूक दाखवली की ते कपाळाला हात लावतील आणि दुरुस्तीचा कागद फिरवतील. चूक कोणाचीही होते. मी चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली आणि शांतपणे सांगितलं.

त्यांनी चिठ्ठी वाचली. माझी खात्री आहे की त्यांना कळलं. त्यांची नजर एका आकड्यावर थांबली, मग खिडकीबाहेर गेली. मग ते म्हणाले की काही पुस्तकांत मूल्य थेट महसुलावरच काढतात.

मी म्हटलं, "काढतात, पण मग त्याची तुलना मिळवण्याच्या खर्चाशी करत नाहीत. आणि सर, प्रश्नात तीस टक्के मार्जिन दिलंय. ते कशाला दिलं?"

"विद्यार्थ्यांना जरा गोंधळात टाकायला," ते म्हणाले. "हुशार मुलं बरोबर बाजूला सारतात."

हे वाक्य मी आजही विसरले नाही. हसत म्हणाले ते. वर समजुतीच्या सुरात सांगितलं की निम्मे गठ्ठे तपासून झालेत, आता उत्तर बदललं तर सगळं परत उघडावं लागेल, निकाल लांबेल, वर उत्तरं द्यावी लागतील. ज्यांनी मार्जिन धरलंय त्यांना प्रयत्नाचे दोन मार्क द्या, असंही सुचवलं. बरोबर उत्तराला प्रयत्नाचे दोन आणि चुकीच्याला दहा. मी म्हटलं की मला हे जमणार नाही. ते म्हणाले, "बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता."

माझ्या शेजारच्या बाकावर मालवणकडची एक शिक्षिका बसायची. आम्ही बरोबर डबा खायचो. ती चर्चच्या गायनात असते, आवाज असा की मागच्या बाकापर्यंत जावा. ती सगळं ऐकत होती. मी परत आले तेव्हा ती पेपरावरून मान वर न करता पुटपुटली, "तुझा बरोबर आसा गो. पण हयसर बोलान कायएक उपयोग नाय."

मी तिला म्हटलं, मग उठून म्हण की बरोबर आहे. ती उठली नाही. हॉलमध्ये आम्ही अकरा जण होतो. निदान पाच जणांना तरी हे गणित येत होतं. कोणी उठलं नाही. मुख्य परीक्षकांपेक्षा मला त्या पाच माना जास्त झोंबल्या.

मी माझ्या गठ्ठ्यातले त्या प्रश्नाचे मार्क माझ्या हिशोबाने दिले, आधीच्या नऊ जणांचेही बदलले. पद्धत अर्धी बरोबर म्हणून चार-चार. संध्याकाळी मार्कांच्या तक्त्यावर सही मागितली तेव्हा मी सांगितलं की हे मार्क असेच राहणार असतील तरच सही. माझा गठ्ठा माझ्या समोरून उचलला आणि दुसऱ्या बाकावर नेऊन ठेवला. नेणाऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला की तपासणीचं काम पूर्ण होत आलंय, तुम्ही आला नाहीत तरी चालेल.

निकाल जुलैत लागला. चार-पाच दिवसांनी एक मुलगी कॉलेजच्या पायऱ्यांवर माझी वाट बघत बसलेली. माझीच विद्यार्थिनी, आरोंद्याची. दोन एसट्या बदलून यायची, आणि दुपारनंतर कुडाळातल्या एका छोट्या कंपनीत काम करायची. ती कंपनी कोकम, आमरस, मसाले महिन्याच्या महिन्याला पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना पाठवते. ग्राहकांची यादी हिच्याकडे होती. या महिन्यात कोण नवं आलं, कोणी बंद केलं, सगळं ती लिहून ठेवायची. डिग्री झाली की कायम करू, असं मालकाने सांगितलं होतं. ती चार मार्कांनी नापास झाली होती.

तिने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती. ती माझ्यासमोर धरून तिने सरळ विचारलं, "मॅडम, माझा खंय चुकला ता माका सांगा. मी चार येळा करून बघितलंय."

चौथ्या प्रश्नाचं पान. समासात माझं शून्य. ते खोडून माझेच नऊ. ते खोडून दुसऱ्या कोणाच्या तरी हातचं शून्य, दोनदा गिरवलेलं. माझा हात मी ओळखला, तिने बहुतेक ओळखला नव्हता. गप्प राहता आलं असतं. पण राहिले नाही. तिला सांगितलं की यातलं पहिलं शून्य माझं आहे, आणि ते कसं पडलं, आणि पुढे काय झालं. तिचा चेहरा आधी नुसता गोंधळला. मग ती रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. तिने एकच विचारलं की म्हणजे तुम्हाला मे महिन्यापासून ठाऊक होतं?

होतं. मी सही केली नाही, घरी गेले, नवऱ्यापुढे चिडचिड केली, भांडी आपटली आणि स्वतःला शूर समजून दीड महिना गप्प बसले. एक ओळ लिहून वर पाठवली नाही. तिच्या त्या प्रश्नाने माझा राग पहिल्यांदा नीट उभा राहिला.

त्याच दिवशी आम्ही दोघींनी फेरतपासणीचा अर्ज भरला. मी वेगळं पत्र लिहिलं, तीन पानांचं, विद्यापीठाला. आमच्या प्राचार्यांनी ते वाचून मला बोलावून घेतलं. तपासणीतल्या गोष्टी बाहेर काढणं गोपनीयतेत बसत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि मुख्य परीक्षक आपल्या कॉलेजच्या मान्यतेच्या समितीवर आहेत हेही सांगितलं. मी म्हटलं की पत्रात मी कोणाचं नाव घेतलेलं नाही, फक्त गणित घातलंय. त्यांनी सुस्कारा सोडला. अडवलं मात्र नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.

पत्रात मी सूत्र टाळलं. सूत्रावर वाद घालता येतो. मी शंभर ग्राहक घेतले. ऑनलाइन जाहिरातीतून शंभर ग्राहक आणले, खर्च एक लाख साठ हजार. पहिल्या महिन्याला शंभर जणांकडून दीडशेप्रमाणे पंधरा हजार सुटले. दुसऱ्या महिन्याला नव्वद उरले, साडेतेरा हजार. तिसऱ्याला एक्क्याऐंशी. असं करत दहा महिने झाल्यावर जेमतेम पस्तीस ग्राहक शिल्लक, आणि तोवर हातात आले सत्त्याण्णव हजारांच्या आसपास. शेवटचा ग्राहक जाईपर्यंत मोजत बसलात तरी बेरीज दीड लाखाच्या वर जात नाही. दहा हजार बुडाले, ते बुडालेच. व्याज धरलं तर आणखी बुडाले. मुलीने पावणेअकरा महिन्यांत वसुली लिहिली होती, ती सोप्या भागाकाराने. कोणी सोडून गेलंच नाही असं धरून. खरं तर ही वसुली कधीच होत नाही. तेवढ्यापुरतं तिचं उत्तर कंपनीवर जरा मेहरबानच होतं. स्टॉलच्या शंभर जणांवर दोन लाख चाळीस हजार जातात आणि हळूहळू पावणेचार लाख परत येतात.

हे मांडताना माझी लेखणी कागद फाडत होती. कोणाला न कळण्यासारखं यात काय आहे? मच्छी विकणारी बाई पाटीतल्या सगळ्या पैशांना नफा म्हणत नाही. बर्फ आणि रिक्षाचं भाडं बाजूला काढूनच ती घरी किती नेते ते बघते. आमच्या मुख्य परीक्षकांना पदव्या तीन.

सप्टेंबरात बोलावणं आलं. तिघांची समिती, एक बंद खोली, मुख्य परीक्षक माझ्यासमोरच्या खुर्चीत. त्यांनी पुन्हा पुस्तकांचा दाखला दिला, दोन पुस्तकं बरोबर आणलीही होती. समितीत संख्याशास्त्राच्या एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी प्रश्नपत्रिका पुढे ओढली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तीस टक्के तुमच्या उत्तरात कुठे गेले?"

ते म्हणाले की तो अतिरिक्त तपशील आहे.

"अतिरिक्त कसा?" बाई म्हणाल्या. "कंपनी जगते की मरते ते याच्यावर आहे."

त्यांनी पुढ्यातली पुस्तकं मिटली. मला वाटलं होतं की या क्षणी मला आनंद होईल. झाला नाही. चार महिन्यांपूर्वी पंख्याखाली हेच मी विचारलं होतं, आणि तेव्हा याचं उत्तर हसून मिळालं होतं. प्रश्न तोच. विचारणारीची खुर्ची तेवढी वेगळी.

आरोंद्याच्या मुलीला चौथ्या प्रश्नात नऊ मिळाले. ती पास झाली. पण कुडाळच्या मालकाने ऑगस्टमध्येच दुसऱ्याला घेतलं होतं, हंगाम थांबत नाही म्हणाला. त्याचंही काय चुकलं. ती आता सावंतवाडीत एका दुकानात बिलं करते आणि संध्याकाळी नोकऱ्या शोधते. मला फोन करते तेव्हा तक्रार करत नाही, आणि त्याने मला जास्त त्रास होतो.

समितीच्या निर्णयात आणखी एक ओळ होती. दुरुस्ती फक्त फेरतपासणीचा अर्ज केलेल्यांना लागू. अर्ज किती जणांनी केला? सगळ्या जिल्ह्यातून तिने एकटीने. बाकीच्यांना माहीतच नव्हतं की त्यांचं बरोबर आहे. नापास झालेला मुलगा स्वतःलाच दोष देतो, तो कशाला फी भरून अर्ज करेल? मी दुसरं पत्र लिहिलं की ज्यांनी ज्यांनी मार्जिन धरलं त्या सगळ्यांचे पेपर परत काढा. उत्तर आलं एका ओळीचं, प्रकरण निकाली काढण्यात आले आहे. मुख्य परीक्षक ऑक्टोबरच्या परीक्षेचा पेपर काढणाऱ्यांतही होते. मला तपासणीला पुन्हा बोलावणं आलं नाही.

मग मी माझ्यापरीने शोध घेतला. आमच्या कॉलेजातले या विषयात नापास झालेले आणखी पाच जण होते. त्यांना एकेकाला फोन लावला. दोघांनी ऑक्टोबरच्या परीक्षेला परत बसायचं ठरवलं होतं, दोघांनी शिक्षणच सोडलं होतं, एकीचा फोन लागलाच नाही. एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला की आता राहू दे मॅडम, मी गोव्यात लागलोय.

जिचा फोन लागला नव्हता ती देवगडची मुलगी डिसेंबरात पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आली. ऑक्टोबरच्या परीक्षेत ती सुटली होती. पहिल्या वेळी तिनेही मार्जिन धरलं होतं, पंधराशेच आणले होते. घरच्यांनी वेगळी फी भरायला कुरकुर केली म्हणून फेरतपासणीचा अर्ज केला नाही. यावेळीही तसाच प्रश्न आला होता का, असं मी विचारलं. आकडे वेगळे, प्रश्न तोच, ती म्हणाली.

"मग काय केलंस?"

"मॅडम, ह्या वेळी मी मार्जिन धरूकच नाय," ती खुशीत म्हणाली. "सगळी रक्कम धरलंय, तेव्हा सुटलंय."

पेढा माझ्या हातात होता. ही मुलगी मे महिन्यात बरोबर होती. आम्ही तिला नापास केलं, सहा महिने घरी बसवलं, आणि चुकायला शिकवून पास केलं. उद्या तिच्या वडिलांच्या आंब्याच्या पेट्या ऑनलाइन विकायला निघाली तर ती याच हिशोबाने जाहिरातीवर पैसे घालेल, आणि ते का परत येत नाहीत ते तिला कळणार नाही. मुख्य परीक्षकांना याची खबरही लागणार नाही.

मी पेढा खाल्ला. तिच्यावर चिडणं शक्यच नव्हतं. मग तिला समोरची खुर्ची दिली आणि म्हटलं की घाई नसेल तर जरा बस. कोरा कागद काढला, वर शंभर लिहिलं, त्याखाली नव्वद, त्याखाली एक्क्याऐंशी. पुढचं तू लिही म्हणाले. तिने पर्समधून पेन काढलं. तिला शेवटची बस पाच वाजता होती, आणि घड्याळात साडेतीन झाले होते.